बोलण्यातले ‘अं’ आणि लांबलेल्या शांतता काढताना कट कुठे लपवायचा

कॅमेऱ्यासमोर बसून एकट्याने बोललेल्या रेकॉर्डिंगमधून ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तर मग’ आणि लांबलेल्या शांतता काढून टाकणं तसं सोपं आहे. कात्रीचं टूल घ्यायचं, नको तो तुकडा उडवायचा, उरलेलं जवळ ओढायचं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रत्येक जोडावर डोकं झटक्यात सरकतं, आवाज मध्येच दचकतो, आणि बोलणारा माणूस श्वास न घेता बोलतोय असं वाटायला लागतं. आधी रटाळ असलेलं बोलणं आता अंगावर येतं.

इथे मी सगळ्यात अडचणीची परिस्थिती धरतो आहे: कॅमेरा एकच, टेक सलग, आणि कटवर झाकायला दुसरी दृश्यं नाहीत. अशा वेळी हाताशी फक्त दोनच गोष्टी असतात, माणसाचा चेहरा आणि त्याच्या बोलण्यातल्या शांतता. त्यातली शांतता जास्त कामाची. तोंड बंद असतं तेवढ्या वेळात चित्राचा कट आवाजापासून वेगळा करून हवा तिथे सरकवता येतो. शांतता शून्यावर आणली की ही जागाच संपते आणि कट उघडा पडतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

## आधी वक्त्याची स्वतःची लय मोजा

टाइमलाइनवर काहीही कापण्याआधी पूर्ण रेकॉर्डिंग एकदा ऐका आणि त्यात बोलणं मोकळं, ओघात झालं असेल असा साधारण एक मिनिटाचा भाग शोधा. बहुतेक लोक पहिल्या काही मिनिटांत अडखळतात आणि नंतर सैल होतात, त्यामुळे असा भाग बऱ्याचदा मध्यानंतर सापडतो. त्या मिनिटातल्या शांतता मोजा: वाक्याच्या आत स्वल्पविरामाशी किती, दोन वाक्यांमध्ये किती, एक मुद्दा संपून दुसरा सुरू होताना किती.

सावकाश समजावून सांगणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे आकडे साधारण असे येतात: वाक्याच्या आत ०.२ ते ०.३ सेकंद, वाक्यांमध्ये ०.५ ते ०.८, मुद्दा बदलताना एक सेकंद किंवा थोडं जास्त. पण तुमच्या वक्त्याचे आकडे तुम्हीच काढा, कारण पुढे सगळं त्यावरच बेतायचं आहे. ज्याचं सहज बोलणंच संथ आहे त्याच्या वाक्यांमध्ये ०.३ सेकंद ठेवलेत तर प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला मध्येच तोडतंय असं ऐकू येईल. लय बाहेरून आणायची नसते. त्याच माणसाच्या चांगल्या मिनिटातून उचलून बाकीच्या मिनिटांना लावायची असते.

आपोआप शांतता कापणाऱ्या सोयींबद्दल माझं मत इथेच सांगतो. ठरावीक पातळीखालचा आणि ठरावीक लांबीचा प्रत्येक तुकडा त्या उडवतात आणि सगळीकडे सारखंच अंतर ठेवतात. स्वल्पविराम, पूर्णविराम आणि नवा परिच्छेद यांना एकच लांबी मिळाली की ऐकणाऱ्याला वाक्याचा आकार कळेनासा होतो. म्हणून कापण्यासाठी मी त्या वापरत नाही. मोठ्या शांतता कुठे आहेत याचा नकाशा म्हणून मात्र त्या उपयोगी आहेत. कमांड टाइप करून चालवायचं `ffmpeg` हे साधन संगणकावर असेल तर एका ओळीत यादी मिळते:

```
ffmpeg -i talk.mp4 -af silencedetect=noise=-35dB:d=0.7 -f null -
```

०.७ सेकंदापेक्षा लांब असलेल्या प्रत्येक शांततेची सुरुवात, शेवट आणि लांबी यात छापून येते. खोलीत पंख्याचा किंवा एसीचा आवाज असेल आणि काहीच सापडत नसेल तर `-35dB` ऐवजी `-30dB` करून पाहा. ही यादी बाजूला ठेवा आणि निर्णय कानाने घ्या.

## काय काढायचं

पहिल्या फेरीत फिलरला, म्हणजे ‘अं’, ‘तर मग’ अशा भरतीच्या शब्दांना, हात लावू नका. आधी अख्खी वाक्यं बघा: दोनदा सांगितलेली गोष्ट, अर्धवट सोडून पुन्हा सुरू केलेलं वाक्य, भरकटलेलं उदाहरण. हे मोठे तुकडे आधी गेले की त्यांच्या पोटातले फिलर आपोआप जातात आणि तेवढे जोड वाचतात. जोड जितके कमी तितकं लपवायचं कमी.

मग फिलर. मराठीत इथे थोडं जपून चालावं लागतं, कारण आपले फिलर हे बऱ्याचदा कामाचेच शब्द असतात. ‘म्हणजे’ हा शब्द ‘बॅकअप म्हणजे दुसरी प्रत’ या वाक्याचा कणा आहे, आणि ‘मला म्हणजे असं म्हणायचंय’ यात तो नुसता वेळ काढतो. ‘तर’, ‘मग’, ‘आता’, ‘असं’ यांचंही तेच. त्यामुळे शब्द शोधून सरसकट उडवू नका. वाक्य त्या शब्दाशिवाय मोठ्याने म्हणून बघा. अर्थ तोच राहिला आणि वाक्याचा तोलही गेला नाही, तरच तो काढण्यासारखा.

तरीही सगळे काढू नयेत. अवघड गोष्ट सांगण्याआधीचा एखादा ‘अं’ ऐकणाऱ्याला सांगतो की पुढचं वाक्य विचार करून येतंय. तिथे तो कानाला खटकत नाही. खटकतात ते एकामागोमाग आलेले, वाक्याच्या अगदी सुरुवातीला पुन्हापुन्हा आलेले आणि दोन जोडलेल्या शब्दांच्या मध्ये घुसलेले. या तीन प्रकारांवर लक्ष ठेवलं तरी बोलणं मोकळं होतं आणि माणूस माणसासारखा राहतो.

## आवाजात कात्री नेमकी कुठे

फिलर दोन तऱ्हेचे असतात. एक सुटा: दोन्ही बाजूंना थोडी शांतता असलेला. तो काढायला काही लागत नाही. दुसरा चिकटलेला: शब्दाच्या शेवटच्या स्वरातूनच निघालेला, ‘आणिइइअं’, ‘फाईलचीईअं’. इथे शब्द कुठे संपला आणि ‘अं’ कुठे सुरू झाला ही रेषा वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे टाइमलाइनवरच्या आवाजाच्या आलेखात, दिसतच नाही.

चिकटलेल्या फिलरसाठी पुढचा शब्द बघा. तो प, त, ट, क, द, ब, ग अशा अक्षराने सुरू होत असेल तर काम सोपं होतं, कारण ही अक्षरं उच्चारताना तोंडातली हवा क्षणभर अडते आणि मग सुटते. त्या अडण्याच्या क्षणी आवाज खूप कमी होतो किंवा थांबतो. दुसरी कात्री त्या अडलेल्या क्षणात मारायची. पहिली कात्री मागच्या शब्दाच्या स्वरात, त्याचा सूर ‘अं’कडे घसरायला लागण्याआधी. तिथे जोडावर १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे पहिला आवाज विरत असतानाच दुसरा चढत जातो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच ४० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे हे काम फ्रेमपेक्षा बारीक मापात करावं लागतं. प्रीमिअर प्रोमध्ये टाइमलाइनच्या मेनूतलं `Show Audio Time Units` चालू केलं की ते जमतं. रिझॉल्व्हमध्ये `Fairlight` पानावर जाऊन करता येतं.

पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल, उदाहरणार्थ ‘आणिइअं आपण’, तर बहुतेक वेळा तो जोड स्वच्छ होत नाही. दोन स्वरांचे सूर वेगळे असतात आणि मध्ये आवाज मोडल्यासारखा ऐकू येतो. तो फिलर मी राहू देतो, किंवा ‘आणि’सकट काढतो.

शब्दाच्या शेवटाकडेही तितकंच लक्ष हवं. ‘प्रत’, ‘शेवट’, ‘लोक’ असे शब्द बघा. शेवटच्या अक्षरापाशी हवा अडते, वेव्हफॉर्म सपाट होतो आणि मग किंचित अंतराने एक बारीक टोक दिसतं. ते टोक म्हणजे ‘त’ सुटल्याचा आवाज. सपाट भाग दिसला की शब्द संपला असं समजून तिथेच कापलं, तर ‘प्रत’चं ‘प्रऽ’ होतं. आपोआप शांतता कापणाऱ्या सोयींकडूनही हे होतं. शब्दानंतर निदान ०.१ सेकंद सोडून कापायचं अशी सवय लावली की हा दोष जवळजवळ नाहीसा होतो.

श्वासांचा नियम एका वाक्यात मावतो: श्वास पूर्ण ठेवा किंवा पूर्ण काढा, अर्धा कधीच नको. वाक्याआधीचा श्वास शक्यतो ठेवावाच. तो त्या वाक्याचा भाग असतो, आणि पुढचं वाक्य किती जोरात येणार हे त्यातून कळतं. मोठा वाटला तर कापण्याऐवजी त्याचा आवाज ६ ते ८ डेसिबलने खाली घ्या. मधला फिलर काढल्यामुळे दोन श्वास लागोपाठ आले असतील तर पहिला काढा. दुसरा पुढच्या शब्दाशी जुळलेला असतो, तो राहू द्या.

उरलेल्या शांततेत खोलीचा आवाज सलग असायला हवा. पूर्ण निःशब्द भोक पडलं की हेडफोन लावलेल्या माणसाला ते लगेच जाणवतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी कोणीही न बोलता घेतलेला अर्धा मिनिटाचा खोलीचा आवाज असेल तर तो सगळ्या टाइमलाइनखाली अंथरता येतो. नसेल तर एखाद्या लांब शांततेतून, श्वास नसलेला तुकडा घ्या. एक अडचण मात्र नंतर सुटत नाही. कॅमेऱ्याने आवाजाची पातळी आपोआप ठेवली असेल, तर बोलणं थांबलं की तो पातळी वाढवतो आणि खोलीची घरघर हळूहळू वर येते. लांब शांततेच्या शेवटी ती सुरुवातीपेक्षा मोठी असते. अशी शांतता मधून कापली की जोडावर पायरी ऐकू येते. तिथे दोन-तीन फ्रेमऐवजी सहा ते आठ फ्रेमचा क्रॉसफेड द्यावा. पुढच्या वेळी ती सोय बंद करून रेकॉर्ड करावं. फोकस आणि एक्स्पोजरही तसेच पक्के करून ठेवावेत, नाहीतर जोडावर प्रकाश बदललेला दिसतो.

## चित्राचा कट आवाजाच्या कटपासून सोडवणं

आवाजाची फेरी पूर्ण झाली की टाइमलाइन ऐकायला बरी वाटते आणि बघायला वाईट. प्रत्येक जोडावर डोकं उडी मारतं. आता चित्राकडे वळायचं.

समजा दोन वाक्यांच्या मध्ये मुळात १.८ सेकंद शांतता होती. २५ फ्रेमच्या हिशेबाने त्या ४५ फ्रेम झाल्या. आपल्याला ०.७ सेकंद, म्हणजे साधारण १८ फ्रेम ठेवायच्या आहेत आणि २७ फ्रेम काढायच्या आहेत. त्या २७ फ्रेम ४५ पैकी कुठूनही काढता येतात. मागच्या वाक्यानंतरच्या ४ फ्रेम ठेवून पुढच्या वाक्याआधीच्या १४ ठेवता येतात, किंवा मागच्या १२ आणि पुढच्या ६. आणि मुख्य गोष्ट अशी की आवाजाने एक वाटणी घ्यावी आणि चित्राने दुसरी, याला काहीच हरकत नाही. दोघांतून काढलेल्या फ्रेमची संख्या सारखी असली की पुढे ओठ आणि आवाज जुळलेलेच राहतात. या १८ फ्रेममध्ये तोंडातून शब्द निघत नाही, त्यामुळे चित्र थोडं आधी किंवा नंतर बदललं तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आवाजाची वाटणी श्वास ठरवतो: पुढच्या वाक्याआधीचा श्वास पूर्ण यायला हवा, त्याला साधारण १० फ्रेम लागतात. चित्राची वाटणी डोकं ठरवतं. कटच्या अलीकडची फ्रेम आणि पलीकडची फ्रेम अशी निवडायची की डोक्याची जागा, कल आणि खांदे शक्य तितके जुळतील. हे करायला प्रोग्राममधलं रोल एडिट वापरा. आवाज आणि चित्र यांची जोडणी तेवढ्यापुरती सोडवा, फक्त चित्राचा कट पकडा आणि एक-एक फ्रेम डावी-उजवीकडे सरकवा. दोन्ही बाजू एकाच वेळी बदलत जातात, त्यामुळे एकूण लांबी तशीच राहते आणि नजर फक्त चेहऱ्यावर ठेवता येते.

सरकवताना काय शोधायचं? डोळ्यांची उघडझाप असेल तर पापण्या मिटलेल्या फ्रेमवर कट ठेवा. अलीकडच्या क्लिपमध्ये पापण्या मिटत असताना कट करून पलीकडच्या क्लिपमध्ये त्या उघडत असताना घेतलं तर एकच उघडझाप झाल्यासारखी दिसते. दुसरी चांगली जागा म्हणजे हालचाल. डोकं वळायला किंवा मान हलायला सुरुवात झाली की दोन-तीन फ्रेमनंतर कट करा. पलीकडची क्लिपही त्याच दिशेने हलत असेल तर नजर हालचालीबरोबर वाहत जाते. सगळ्यात वाईट जागा म्हणजे दोन्ही बाजूंना डोकं स्थिर, पण वेगवेगळ्या जागी स्थिर. तिथे अगदी थोडी उडीही डोळ्यात भरते.

इथे शांततेचं महत्त्व समजतं. ०.७ सेकंद ठेवलेत तर १८ फ्रेममध्ये जुळणारी जागा शोधता येते. ०.१५ सेकंद ठेवलेत तर जेमतेम चार फ्रेम हातात राहतात आणि नशिबावर सोडावं लागतं. एखादा जोड काही केल्या जुळत नसेल तर शांतता पाच-सहा फ्रेमने वाढवून पुन्हा शोधा. ऐकणाऱ्याला ती वाढ जाणवत नाही.

## जुळत नाहीत असे जोड

फिलर वाक्याच्या मध्ये असेल आणि आजूबाजूला शांतता नसेल, तर चित्र सरकवायला जागाच नसते. त्यासाठी दोन उपाय आहेत.

पहिला म्हणजे दोन चित्रांच्या मधल्या फ्रेम प्रोग्रामकडून तयार करून घेणं. प्रीमिअर प्रोमध्ये याला `Morph Cut` म्हणतात, रिझॉल्व्हमध्ये `Smooth Cut`, फायनल कट प्रोमध्ये `Flow`. अलीकडचा चेहरा पलीकडच्या चेहऱ्यात वितळत जातो. पार्श्वभूमी स्थिर असेल, डोकं थोडंच सरकलेलं असेल आणि हात चेहऱ्यासमोर नसतील तर परिणाम आश्चर्य वाटावं इतका स्वच्छ येतो. डोकं बरंच सरकलं असेल तर कान दोन दिसतात, जबडा रबरासारखा ताणतो, मागच्या पुस्तकांच्या उभ्या कडा वाकतात. हे ट्रान्झिशन लांब ठेवण्याचा मोह आवरा. ४ ते ६ फ्रेम पुरतात. जास्त लांब केलं की ते बोलत्या ओठांवर चढतं आणि ओठ शब्दाशी जुळत नाहीत. तपासताना जोडावरची प्रत्येक फ्रेम थांबवून बघा, आणि चेहऱ्यापेक्षा आधी चेहऱ्यामागच्या सरळ रेषा बघा. बिघाड तिथे आधी दिसतो.

दुसरा उपाय चौकट बदलणं. पुढची क्लिप थोडी मोठी करायची, म्हणजे दुसरा कॅमेरा असल्याचा भास होतो. इथे अर्धवटपणा नडतो. १०५ टक्के मोठं केलं तर ते मुद्दाम केलंय असं वाटत नाही, चुकून हललंय असं वाटतं. निदान ११५ ते १२० टक्के हवं. रेकॉर्डिंग ४के असून टाइमलाइन १०८०ची असेल तर पूर्ण चौकटीच्या दुपटीपर्यंत मोठं केलं तरी चित्राची धार टिकते. रेकॉर्डिंगच १०८०चं असेल तर १२०च्या पुढे ते मऊ दिसायला लागतं. मोठं करताना डोळे पडद्यावर आधीच्याच उंचीवर ठेवा. फक्त आकडा वाढवून सोडलं की डोळे वर सरकतात आणि बघणाऱ्याची नजर त्यांना शोधत बसते.

चौकट कुठे बदलायची हे मात्र जोडाने ठरवायचं नाही, मजकुराने ठरवायचं. नवा मुद्दा, ‘पण’ने सुरू झालेलं वळण, निष्कर्ष अशा जागी जवळची चौकट शोभते. प्रत्येक फिलर काढल्यावर आत-बाहेर केलं तर बघणाऱ्याला दर काही सेकंदांनी धक्का बसतो आणि तो लवकरच धक्के मोजायला लागतो.

## एक उतारा शेवटपर्यंत

फाईलच्या बॅकअपबद्दल कोणी असं बोललं आहे. कंसातले आकडे सेकंदात आहेत.

‘तर अं (०.७) बॅकअप म्हणजे काय (०.३) तर म्हणजे (०.९) आपल्या फाईलचीईअं दुसरी प्रत. (१.८) पण ती दुसरी प्रत तीऽ (०.४) ती त्याच ड्राईव्हवर असेल तर (२.१) ड्राईव्ह बंद पडली की दोन्ही गेल्या.’

एकूण १६.६ सेकंद. आधी सुरुवात. ‘तर अं’ पूर्ण जातो, त्याच्या मागची ०.७ची शांतताही जाते, फक्त शेवटचे ०.२ सेकंद ठेवतो. क्लिपची सुरुवातच तिथून होते, त्यामुळे जोड नाही आणि लपवायचंही काही नाही. १.४ सेकंद वाचले.

‘तर म्हणजे’मधला ‘तर’ ठेवायचा. ‘बॅकअप म्हणजे काय, तर आपल्या फाईलची दुसरी प्रत’ ही मराठीतली अगदी सहज रचना आहे आणि ‘तर’ काढला की ती पांगळी होते. ‘म्हणजे’ मात्र इथे दुसऱ्यांदा आला आहे आणि काहीच करत नाही. तो काढून मागची ०.९ची शांतता ०.२वर आणली. १.१ सेकंद गेले. जोडाशी पाचच फ्रेम उरल्या, पण ‘तर’ म्हणताना आणि ‘आपल्या’ म्हणण्याआधी वक्त्याने पापण्या मिटल्या असतील तर तेवढ्या पुरतात.

‘फाईलचीईअं दुसरी’ हा चिकटलेला फिलर, अर्ध्या सेकंदाचा. पुढचा शब्द ‘द’ने सुरू होतो, म्हणून आवाज जमतो: ‘ची’चा सूर घसरायच्या आत पहिली कात्री, ‘द’ अडण्याच्या क्षणी दुसरी, मध्ये १५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड. चित्रात मात्र सरकवायला जागा नाही. अर्ध्या सेकंदात डोकं फारसं हललेलं नसतं, म्हणून ४ फ्रेमचं `Smooth Cut` पहिल्यांदा लावून बघायचं.

१.८ची शांतता ०.७वर येते, १.१ सेकंद कमी. इथे ‘पण’ने वळण येतं, म्हणून जवळची चौकट इथेच घेतो, ११८ टक्के. चौकट बदलल्यामुळे डोकं तंतोतंत जुळवायची गरज उरत नाही. श्वास पूर्ण ठेवायचा आणि चित्राचा कट श्वास सुरू होताना ठेवायचा, म्हणजे जवळच्या चौकटीत माणूस बोलायला तयार होताना दिसतो.

‘तीऽ (०.४) ती’मधला पहिला ‘ती’ आणि मागची शांतता मिळून ०.८ सेकंद आहेत, त्यातले ०.२ ठेवतो. दुसरा ‘ती’ही काढून ‘पण ती दुसरी प्रत त्याच ड्राईव्हवर’ असं करायचा मोह होतो. पण तो ‘त्याच’ला चिकटलेला आहे, आणि बोलताना आपण सगळेच असा ‘ती’ पुन्हा घेतो. राहू दे. ०.६ सेकंद गेले. इथे चौकट नुकतीच बदललेली असल्यामुळे पुन्हा बदलायची नाही. पाच फ्रेममध्ये डोकं जुळवून बघायचं, नाहीच जुळलं तर चार फ्रेमचं ट्रान्झिशन.

शेवटची २.१ सेकंदांची शांतता. यादीत ही सगळ्यात लांब म्हणून दिसेल आणि सगळ्यात आधी हात तिच्याकडेच जाईल. पण ती कामाची आहे. ‘असेल तर’ म्हटल्यावर ऐकणारा स्वतःच पुढचं वाक्य तयार करायला लागतो, आणि त्याला ते करू द्यायला हवं. इतर वाक्यांसारखे ०.७ न ठेवता इथे १.१ ठेवतो, म्हणजे नेमका एक सेकंद काढतो. २७-२८ फ्रेमची ऐसपैस जागा आहे, त्यामुळे हा जोड बहुतेक आपोआप नाहीसा होतो.

१६.६ मधून ५.७ गेले, १०.९ सेकंद उरले. आतले जोड पाच. दोन जोडांना ट्रान्झिशन लागेल असं धरलं तरी बाकीचे तीन पापणी, चौकट आणि शांतता यांच्यावर भागतात.

## तपासणी

दोन फेऱ्या वेगवेगळ्या करा. पहिली डोळे मिटून, हेडफोन लावून. जिथे नकळत तुमचा स्वतःचा श्वास अडला तिथे वाक्यांमधली शांतता कमी पडली आहे. जिथे एखादा शब्द उगाच जोरात आल्यासारखा वाटला तिथे त्याच्या आधीचा श्वास कापला गेला आहे. दुसरी फेरी आवाज बंद करून. यात फक्त डोकं आणि खांदे बघा. उडी दिसली की थांबू नका, मार्कर लावा आणि पुढे जा, कारण थांबून-थांबून बघितलं की लयीचा अंदाज येत नाही.

एकच जोड पुन्हापुन्हा चालवून त्यावर निर्णय घेऊ नका. दहाव्यांदा बघताना चांगला जोडही खटकतो, कारण तो कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं. जोडाच्या दहा-पंधरा सेकंद आधीपासून चालवा आणि बोलण्याच्या अर्थाकडे लक्ष द्या. तसं ऐकताना जोड आडवा आला तरच तो दुरुस्त करायचा.

आणि सगळे उपाय करूनही एखादा जोड आडवा येतच असेल, तर काढलेला ‘अं’ परत घाला. एक ‘अं’ ऐकणारा क्षणात विसरतो. वितळलेला जबडा किंवा मोडलेला स्वर दिसला-ऐकू आला की तो पुढची दोन वाक्यं ऐकतच नाही.